गृहीतकांचं पान

इमारतीला पंधरा वर्षं झाली की सोसायटीच्या कमिटीपुढे स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करून घ्यायचं असतं. मग सेक्रेटरी दोन-तीन स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन करतात, ते येऊन इमारत पाहून जातात आणि आठवड्याभरात त्यांचे प्रस्ताव येतात. कोणाचा दोन पानांचा, कोणाचा बारा पानांचा. कमिटीच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाचं शेवटचं पान उघडलं जातं, तिथली रक्कम वहीत उतरवली जाते आणि सर्वांत कमी रकमेवर चर्चा सुरू होते.

मी या क्षेत्रात काम करतो, असे प्रस्ताव लिहितो आणि सोसायट्यांसाठी दुसऱ्यांचे तपासूनही देतो. माझं ठाम मत असं की फीचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. त्या रकमेत काय येतं हे कामाच्या व्याप्तीत लिहिलेलं असतं आणि काय येत नाही हे गृहीतकांच्या पानावर. ही दोन पानं न वाचता दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. ठाण्याकडची एक सोसायटी आहे असं समजा. १९९१ची इमारत, स्टिल्ट अधिक सात मजले, मजल्यावर चार असे २८ फ्लॅट. स्टिल्टमधल्या तीन कॉलमना सळयांच्या रेषेत उभ्या भेगा गेल्या आहेत, वरच्या मजल्यांवर बाथरूमच्या स्लॅबचं प्लास्टर सुटतंय. सोसायटीकडे दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला २८ हजारांचा, दुसरा १ लाख २ हजारांचा, दोन्ही जीएसटी वेगळा धरून. दर गावाप्रमाणे आणि इमारतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे हे आकडे केवळ हिशेब समजण्यापुरते धरावेत. फरक मात्र इतका मोठा असतो हे खरं आहे, आणि मीटिंगमध्ये खजिनदार विचारतात तो प्रश्नही रास्त असतो: “काम तर एकच आहे ना, मग चौपट पैसे कशाला?”

काम एक नाही. पहिल्या प्रस्तावात व्याप्ती एका वाक्यात आहे: ‘इमारतीची पाहणी, आवश्यकतेनुसार एनडीटी चाचण्या व अहवाल.’ एनडीटी म्हणजे काँक्रीट न फोडता किंवा अगदी थोडं फोडून करायच्या चाचण्या. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द मात्र धोक्याचा. आवश्यकता कोण ठरवणार, हे त्यात लिहिलेलं नाही. पुढे बारीक अक्षरात सापडतं की रकमेत रिबाउंड हॅमरच्या दहा जागा धरल्या आहेत, बाकीच्या चाचण्या सोबतच्या दरांप्रमाणे जादा. दुसऱ्या प्रस्तावात पाहणी आणि अहवालाचे ४२ हजार वेगळे दाखवले आहेत आणि चाचण्यांचे ६० हजार तपशिलानं: रिबाउंड हॅमरच्या ४० जागा प्रत्येकी २५० रुपये, अल्ट्रासॉनिकच्या ४० जागा ५०० रुपये, हाफ-सेलच्या १२ जागा ६०० रुपये, कार्बोनेशनच्या १२ जागा ४०० रुपये आणि चार कोअर प्रत्येकी साडेचार हजार.

आता पहिल्याच कन्सल्टंटच्या जादा दरांनी दुसऱ्याइतक्या चाचण्या करायच्या म्हटल्या तर काय होतं ते कागदावर मांडून पाहा. त्याचे दर आहेत अनुक्रमे ३५०, ७००, ९००, ६०० आणि साडेसहा हजार. हॅमरच्या उरलेल्या ३० जागांचे १०,५००, अल्ट्रासॉनिकचे २८,०००, हाफ-सेलचे १०,८००, कार्बोनेशनचे ७,२०० आणि कोअरचे २६,०००. बेरीज ८२,५००. मूळ २८ हजार मिळवले की १,१०,५०० होतात. स्वस्त वाटलेला प्रस्ताव महाग निघाला. सोसायटीनं चाचण्या वाढवल्याच नाहीत, तर तो स्वस्तच राहील, पण मग हातात येईल ती डोळ्यांनी पाहून लिहिलेली नोंद आणि दहा आकडे.

इतक्या चाचण्या खरंच लागतात का, हे कळण्यासाठी प्रस्तावातला ‘कार्यपद्धती’ हा भाग वाचायचा. बहुतेक प्रस्तावांत तिथे चाचण्यांची पुस्तकी वर्णनं चिकटवलेली असतात आणि ती प्रत्येक इमारतीला सारखीच असतात. चांगल्या प्रस्तावात ‘तुमच्या इमारतीत मला काय दिसलं, म्हणून मी काय तपासणार’ हे असतं. आपल्या इमारतीत तीन कॉलमना सळयांच्या रेषेत भेगा आहेत, म्हणजे संशय गंजाचा आहे. सळई गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट तडकवते. अशा वेळी नुसता रिबाउंड हॅमर मारून भागत नाही. हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागावर आपटून परत किती उसळतो त्यावरून कठीणपणाचा अंदाज देतो. आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उलट कठीण होत जातो. म्हणजे ३०-३५ वर्षांच्या इमारतीत हॅमर खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवू शकतो. त्याच कार्बन डायऑक्साइडमुळे आतल्या सळईचं गंजापासून होणारं संरक्षण मात्र संपत असतं. नुसत्या हॅमरवर विसंबलेला अहवाल अशा इमारतीला नेमका उलटा दिलासा देऊन जातो.

म्हणून कार्बोनेशनची चाचणी हवी. ती स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी आहे. काँक्रीटला ताजं छिद्र पाडून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. काँक्रीट शाबूत असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो, कार्बोनेशन झालेलं असेल तिथे रंग येत नाही. बिनरंगाची खोली मोजायची आणि सळईवर काँक्रीटचं कव्हर किती आहे त्याच्याशी ताडून पाहायची. कव्हर २५ मिलीमीटर आणि बिनरंगाचा थर ३० मिलीमीटर निघाला, तर सळई आता उघडी पडल्यासारखीच आहे. कमिटीतल्या दोघांनी ही चाचणी होताना हजर राहावं. पुढचा अहवाल समजायला त्या पाच मिनिटांचा फार उपयोग होतो.

हाफ-सेल चाचणी त्याच्या पुढची. तिच्यात सळईचं विद्युत विभव मोजतात, आणि नेहमीच्या कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडनं मोजलेला आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानली जाते. मात्र मोजणीसाठी तार प्रत्यक्ष सळईला जोडावी लागते, म्हणजे तेवढ्या जागी काँक्रीट फोडून सळई उघडी करावी लागते. ते कोण फोडणार आणि परत कोण भरणार? हा प्रश्न आला की आपण गृहीतकांच्या पानावर येतो.

त्याआधी कोअरबद्दल दोन शब्द. कोअर म्हणजे यंत्रानं कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, जो प्रयोगशाळेत दाबून फोडला जातो आणि ताकदीचा थेट आकडा मिळतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, कोअर कोणत्याही परिस्थितीत तीनपेक्षा कमी घेऊ नयेत असं म्हटलं आहे. तेव्हा ‘एक कोअर’ लिहिलेला प्रस्ताव आला तर विचारावं की एका तुकड्यावरून २८ फ्लॅटच्या इमारतीबद्दल काय सांगणार. कोअर काढलेल्या भोकात न आकसणारं काँक्रीट भरून देण्याचं काम त्याच दरात आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं. मी ते भोक महिनोन्महिने तसंच राहिलेलं पाहिलं आहे, आणि तेही कॉलममध्ये.

आता गृहीतकं. कन्सल्टंट फी ठरवतो तेव्हा त्यानं मनाशी काही गोष्टी धरलेल्या असतात. त्या लिहून दिल्या तर त्याला गृहीतकं म्हणतात. न लिहिता तशाच धरल्या तर भांडणाचं कारण होतात. पुष्कळ कमिट्यांना हे पान म्हणजे कन्सल्टंटनं स्वतःच्या सुटकेसाठी केलेली तरतूद वाटते. मला उलट वाटतं. ज्या प्रस्तावात हे पान नाही, त्याच्या कर्त्यानं कामाचा विचार केलेला नाही, किंवा केलेला आहे आणि सांगितलेला नाही.

आपल्या दुसऱ्या प्रस्तावातलं पहिलं गृहीतक असं: ‘मंजूर नकाशे व आरसीसी ड्रॉइंग सोसायटी पुरवेल.’ १९९१च्या इमारतीत बहुधा आर्किटेक्टचे मंजूर नकाशे मिळतात, आरसीसी ड्रॉइंग मात्र बिल्डरबरोबर गेलेली असतात. ती नसतील तर प्रत्यक्ष मापं घेऊन नकाशा बनवावा लागतो, कॉलमना नंबर द्यावे लागतात, सळया कुठे आणि किती आहेत हे यंत्रानं शोधावं लागतं. हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे मागणं गैर नाही. पण ते किती, हे आजच लिहून घ्यायला हवं. सेक्रेटरींनी प्रस्ताव मागवण्याआधी एकदा कपाट उघडून पाहिलं, तर हा मुद्दा पहिल्या दिवशीच निकालात निघतो.

दुसरं गृहीतक जास्त अवघड: ‘सर्व फ्लॅट पाहणीसाठी उपलब्ध होतील.’ एका फ्लॅटला अर्धा ते पाऊण तास लागतो. दोन माणसांची टीम दिवसाला आठ-दहा फ्लॅट करते, म्हणजे २८ फ्लॅट तीन-चार दिवसांत व्हायला हवेत. प्रत्यक्षात पाच-सहा फ्लॅट बंद असतात. एक मालक परदेशी, एकाच्या भाडेकरूला रात्रपाळी, एकाचं आणि कमिटीचं पटत नाही. आणि नेमका त्या बंद फ्लॅटच्या बाथरूमखालचा स्लॅब सर्वांत खराब असतो. व्यवहार्य मार्ग असा की ठरलेल्या तारखांशिवाय एक रविवार जादा धरावा, त्यानंतर लागलेल्या फेरीचा दर लिहून ठेवावा, आणि जे फ्लॅट पाहिलेच गेले नाहीत त्यांची यादी अहवालात नंबरासह द्यावी. शेवटची गोष्ट आग्रहानं मागावी. ‘बहुतांश फ्लॅटची पाहणी केली’ या वाक्याखाली बरंच काही झाकलं जातं.

तिसरं, प्लास्टर फोडणं आणि पुन्हा करणं, घोडी किंवा परांची, वीज आणि पाणी सोसायटीकडे. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटच्या एका बाजूनं सोडून दुसऱ्या बाजूला पकडतात, त्यासाठी दोन्ही बाजूंचं प्लास्टर काढलेलं हवं. फ्लॅटमधला कॉलम भिंतीत गाडलेला आणि वर कपाट उभं केलेलं असेल, तर दोन्ही बाजू मिळतच नाहीत. मग एकाच बाजूनं मोजावं लागतं आणि तो आकडा तुलनेनं कमी भरवशाचा असतो. किती जागी अशी अडचण आहे, हे अहवालात जागेवार लिहिलं जाईल का, हे प्रस्तावाच्या वेळीच विचारायचं. रहिवाशांच्या दृष्टीनं प्रश्न साधा असतो: “आमच्या हॉलचा रंग कोण देणार?” त्याचं उत्तर सर्वसाधारण सभेत आधीच ठरलं नाही, तर चाचणीच्या दिवशी दार उघडत नाही.

वेळापत्रकाचंही गृहीतकांशी नातं आहे. दुसऱ्या प्रस्तावात ‘४० दिवस’ लिहिलंय. पण कधीपासून? वर्क ऑर्डरच्या तारखेपासून नाही, तर वर्क ऑर्डर, आगाऊ रक्कम आणि नकाशे ही तिन्ही मिळाल्यापासून. हे रास्त आहे, फक्त कमिटीला ते माहीत हवं. पाहणी आठवडाभर, चाचण्या तीन-चार दिवस, कोअर तयार करून प्रयोगशाळेचा निकाल यायला आठ-दहा दिवस, मसुदा अहवालाला दोन आठवडे, त्यावर कमिटीशी बैठक आणि मग अंतिम अहवाल. कोणी दहा दिवसांत अंतिम अहवाल देतो म्हणाला तर कोअरचा निकाल कधी येणार ते विचारावं. पावसाळ्याचाही विचार हवा. पाणी कुठून मुरतंय ते भर पावसात उत्तम दिसतं, पण ओल्या काँक्रीटवर हॅमर कमी आकडा दाखवतो आणि अल्ट्रासॉनिक किंचित जास्त. पाहणी पावसात आणि चाचण्या दिवाळीनंतर अशी फोड करून मागितली, तर बहुतेक कन्सल्टंट तयार होतात.

फीच्या पानावर आता यायला हरकत नाही. १,०२,००० वर १८ टक्के जीएसटी १८,३६०, एकूण १,२०,३६०. फ्लॅटमागे साधारण ४,३०० रुपये. व्यावसायिक फीवर सोसायटीला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो मूळ रकमेवर कापायचा, म्हणजे १०,२००. कन्सल्टंटच्या हातात १,१०,१६० जातात आणि उरलेली रक्कम सरकारकडे त्याच्या नावे भरायची असते. रक्कम कशी द्यायची हे रकमेइतकंच महत्त्वाचं. ‘५० टक्के आगाऊ, ५० टक्के जागेवरचं काम संपताच’ अशी अट असेल तर अहवाल येण्याआधीच सगळे पैसे गेलेले असतात, आणि मग अहवालासाठी सेक्रेटरी फोन करत राहतात. ३० टक्के आगाऊ, ४० चाचण्या झाल्यावर, २० मसुदा अहवालावर आणि १० अंतिम अहवाल व सभेपुढच्या सादरीकरणानंतर, अशी विभागणी दोघांनाही न्याय देते.

ऑडिटच्या फीपेक्षाही मोठी रक्कम पुढे दडलेली असते. स्वस्त प्रस्तावात शेवटी एक ओळ आहे: ‘दुरुस्तीच्या कामाचं टेंडर व देखरेख आमच्यामार्फत, दुरुस्ती खर्चाच्या ५ टक्के.’ दुरुस्तीचा अंदाज ६० लाखांचा निघाला तर ही फी तीन लाख होते. ८० लाखांचा निघाला तर चार लाख. जो माणूस दुरुस्ती किती लागेल हे सांगणार, त्याचीच फी दुरुस्ती वाढली की वाढणार. सगळेच कन्सल्टंट याचा गैरफायदा घेतात असं मी म्हणत नाही. बहुतेक घेत नाहीत. पण सोसायटीनं ही गाठ पहिल्या दिवशी बांधून घेऊ नये. ऑडिटची वर्क ऑर्डर स्वतंत्र द्यावी, आणि देखरेखीचा प्रस्ताव अहवाल हातात आल्यावर, इतरांकडूनही मागवावा. त्या वेळी ‘वेळोवेळी भेटी’ म्हणजे आठवड्याला किती, आणि कंत्राटदार रखडला तर वाढीव महिन्यांची फी कोण देणार, हे दोन प्रश्न विसरू नयेत.

आणखी एक खूण. मुंबई महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. प्रस्ताव देतानाच ‘तुमची सी-२बीमध्ये बसवून देतो’ किंवा पुनर्विकास हवा असलेल्या कमिटीला ‘सी-१ होईल’ असं सांगणाऱ्याला काम देऊ नये. चाचण्यांआधी निकाल माहीत असेल तर चाचण्यांचे पैसे कशासाठी? प्रस्तावात अहवालाचं स्वरूप लिहिलेलं असावं: फ्लॅटवार नोंदी, फोटो, कॉलमचे नंबर, चाचण्यांचे मूळ आकडे, दुरुस्तीचा अंदाज. निकाल लिहिलेला नसावा. कन्सल्टंट आपल्या महापालिकेच्या नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या यादीत आहे ना, तेही पाहून घ्यावं.

आपल्या उदाहरणातल्या कमिटीनं दुसऱ्या कन्सल्टंटला पाच मुद्द्यांचं पत्र पाठवलं असं धरू. नकाशे नसल्यास मोजणीचा ठोक दर द्या. एक रविवार जादा धरा. न पाहिलेल्या फ्लॅटची यादी अहवालात द्या. कोअरची भोकं त्याच दरात भरा. आणि पायाचीही तपासणी याच रकमेत करा. चांगला कन्सल्टंट पहिले चार मान्य करेल आणि पाचवा नाकारेल. पाया पाहायचा तर कॉलमशेजारी खड्डा खणावा लागतो, मजूर लागतात, स्टिल्टमधल्या गाड्या हलवाव्या लागतात, खाली पाणी लागलं तर ते उपसावं लागतं. त्याची किंमत आज कोणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. शिवाय इमारत खचल्याच्या खुणा, म्हणजे भिंतींवर तिरक्या, वर जाता रुंदावणाऱ्या भेगा किंवा जमीन एका बाजूला उतरणं, असं काही इथे दिसलेलं नाही. तो उत्तरात लिहील: ‘पाहणीत अशा खुणा आढळल्यास एका खड्ड्याच्या तपासणीचा वेगळा दर देऊ, व सोसायटीच्या लेखी मंजुरीशिवाय ते काम करणार नाही.’ हे वाक्य जसंच्या तसं वर्क ऑर्डरमध्ये घ्यावं, आणि प्रस्ताव, कमिटीचं पत्र व त्याचं उत्तर ही तिन्ही वर्क ऑर्डरला जोडून प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.